पीआयमध्ये पहिला आलेला प्रोजेक्ट यादीतून गेला तो दिवस

कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉस्टिंग आणि फायनान्स बघतो. आमच्याकडे फेब्रुवारीत कॅपेक्सची, म्हणजे नव्या मशिनरीवरच्या मोठ्या खर्चाची, मीटिंग होते आणि दरवेळी मागण्या बजेटच्या दुप्पट असतात. यावेळी साडेसात कोटी बँकेचं टर्म लोन आणि अडीच कोटी आपलं मार्जिन, असे मिळून 10 कोटी होते, त्याच्यावर एक रुपया नाही. आणि मागण्या आल्या होत्या साडेएकोणीस कोटींच्या.

पाच प्रोजेक्ट होते. एनपीव्ही म्हणजे पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून आज घालायचे पैसे वजा केले की उरतो तो फायदा. ऑटोमॅटिक मोल्डिंग लाईन 6 कोटी, एनपीव्ही 2.40 कोटी. मशिनिंग सेल 5 कोटी, एनपीव्ही 1.80. इंडक्शन फर्नेस सबस्टेशनसकट 5 कोटी, एनपीव्ही 1.75. छतावर सोलर 2 कोटी, एनपीव्ही 50 लाख. आणि शॉट ब्लास्टिंग मशीन दीड कोटी, एनपीव्ही 30 लाख. सगळीकडे डिस्काउंट रेट 13 टक्के धरलेला.

आमच्या अकाउंट्सच्या मुलीने पीआय काढून यादी लावली होती, म्हणजे आजच्या किमतीत येणारे पैसे भागिले आज घालायचे पैसे. लाईन 1.40, सेल 1.36, फर्नेस 1.35, सोलर 1.25, ब्लास्टिंग 1.20. गणित अगदी बरोबर होतं, मी प्रत्येक आकडा तपासला होता. मग वरून घेत जायचं, पैसे पुरत नाहीत तो सोडून खालचा बघायचा. लाईन घेतली, 4 कोटी उरले, सेल बसत नाही, फर्नेस बसत नाही, सोलर बसतं, ब्लास्टिंग बसतं. साडेनऊ कोटी खर्च, 50 लाख शिल्लक, एकूण एनपीव्ही 3.20 कोटी. प्रोडक्शन मॅनेजर खूश, कारण लाईन त्यांचीच मागणी.

पण मला ते 4 कोटी खटकत होते. पीआयची रँकिंग खरी कधी चालते, तर प्रोजेक्टचे तुकडे करता आले की. मग शेवटी जेवढे पैसे उरतील तेवढा पुढचा तुकडा घ्यायचा आणि प्रत्येक रुपया सगळ्यात चांगल्या जागी लागतो. आमच्याकडे तुकडा होऊ शकतो तो फक्त सोलरचा, आणि तेही छत भरेल एवढं आधीच धरलेलं. अर्धी फर्नेस कोण देणार? मशिनिंग सेलची अर्धी मशिनं घेऊन ग्राहकाच्या पार्टची सगळी ऑपरेशन्स होत नाहीत, आणि पूर्ण मशिनिंग करून दिल्याशिवाय तो जादा रेट देत नाही, म्हणजे अर्ध्या खर्चात अर्धा फायदा नाही, जवळजवळ शून्य फायदा.

मीटिंगमध्येच कॅल्क्युलेटरवर एक आकडा काढला. समजा तुकडे झाले असते, तर लाईन पूर्ण आणि उरलेल्या 4 कोटीत सेलचा चार पंचमांश, म्हणजे 2.40 अधिक 1.44, एकूण 3.84 कोटी. ही वरची हद्द झाली, अख्ख्या प्रोजेक्टची कुठलीही जोडी याच्यापुढे जाऊच शकत नाही. आपली यादी 3.20 वर अडकलीय आणि हद्द 3.84 आहे, म्हणजे मध्ये 64 लाखांची फट. ही फट बारीक असली की यादी बिनधास्त घ्यावी, एवढी मोठी असली की बाकीच्या जोड्या तपासल्याशिवाय सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाच प्रोजेक्ट म्हणजे घ्यायचा किंवा सोडायचा अशा 32 शक्यता, त्यातल्या बऱ्याच 10 कोटींच्या वर जातात म्हणून आपोआप बाद. एक्सेलमध्ये B कॉलममध्ये खर्च, C मध्ये एनपीव्ही, D मध्ये 1 किंवा 0 टाकलं आणि खाली दोन ओळी:

```
=SUMPRODUCT(B2:B6,D2:D6)
=SUMPRODUCT(C2:C6,D2:D6)
```

पहिली 10 च्या आत ठेवायची, दुसरी जास्तीत जास्त करायची. सॉल्व्हरने करायचं तर D ला `bin` ही अट द्या आणि Options मधलं `Integer Optimality (%)` शून्य करा, नाहीतर तो जवळपासच्या उत्तरावर थांबू शकतो आणि आपल्याला वाटतं हेच बेस्ट.

उत्तर आलं सेल अधिक फर्नेस. बरोबर 10 कोटी, एनपीव्ही 3.55 कोटी, यादीपेक्षा 35 लाख जास्त. पहिल्या नंबरची लाईन बाहेर.

प्रोडक्शन मॅनेजर उठलेच. "अहो साहेब, रुपयामागं सगळ्यात जास्त माझी लाईन देतीया, आणि तीच कापायची?" त्यांचं चुकत नव्हतं. लाईन रुपयामागे 40 पैसे देते, सेल 36 आणि फर्नेस 35. पण लाईन घेतली की मागचे साडेतीन कोटी 25 आणि 20 पैशांच्या कामात जातात आणि 50 लाख काहीच देत नाहीत. सगळ्या 10 कोटींवर बघितलं तर त्यांच्या यादीत रुपयामागे 32 पैसे पडतात, या जोडीत साडेपस्तीस. हे असं पैशात मांडलं तेव्हा ते शांत बसून ऐकायला लागले.

मग कुणीतरी म्हणालं, ते 50 लाख एफडीत टाकू. पण आमचा भांडवलाचा खर्च 13 टक्के, एफडीचं व्याज त्याच्या खूप खाली आणि वर टॅक्स, म्हणजे एनपीव्ही उणे. लोन उचललंच नाही तर शून्य. 35 लाखांची तूट भरायला त्या 50 लाखांचा पीआय 1.70 लागला असता, आणि असा प्रोजेक्ट आमच्या यादीत कुठेच नव्हता.

एक गोष्ट मी आधीच प्लॅनिंगवाल्यांकडून खात्री करून घेतली होती, की सेलच्या आकड्यात नवीन लाईनवरची कास्टिंग धरलेली नाहीत ना. धरली असती तर लाईन कापल्यावर सेलचे 1.80 पण गेले असते आणि सगळी जुळणी खोटी ठरली असती. सेल आत्ताच्या मोल्डिंगवरच भरत होता, म्हणून बेरीज करायला हरकत नव्हती.

डायरेक्टर साहेबांनी विचारलं, "11 कोटी झाले तर?" तर लाईन अधिक सेल, 4.20 कोटी. म्हणजे वरच्या एका कोटीवर 65 लाख जादा, एवढा चांगला रुपया आख्ख्या यादीत नाही. त्यांनी तिथूनच बँकेला फोन लावला. लिमिट वाढवायची तर नवीन प्रपोजल, नवीन असेसमेंट, आणि फर्नेसचं कोटेशन मार्चअखेरपर्यंतच चालू. ते जमणार नव्हतं.

तेव्हा प्रोडक्शन मॅनेजरनीच मुद्दा काढला, लाईनमधला नवा सॅन्ड प्लांट वगळून ती 5 कोटीत बसवली तर? मला हा प्रश्न फार आवडला, कारण प्रोजेक्टचा तुकडा होत नसला तरी कधी कधी साईज बदलता येते. 5 कोटीची लाईन सेलबरोबर बरोबर 10 मध्ये बसते, फक्त तिचा एनपीव्ही फर्नेसच्या 1.75 च्या वर पाहिजे. त्यांनी दुसऱ्या दिवशी व्हेंडरला बोलावलं, जुन्या प्लांटमधून तासाला किती वाळू तयार मिळते ते मोजलं, आणि लाईनला वाळूसाठी थांबावं लागणार हे उघड झालं. तासाचे मोल्ड कमी धरून मी परत गणित केलं तर एनपीव्ही आला 1.60. फर्नेसला 15 लाखांनी कमी. त्यांनी स्वतः तो कागद बघून फर्नेसच्या पर्चेस ऑर्डरवर सही केली, आणि पूर्ण लाईन नव्या कोटेशनसह पुढच्या वर्षीच्या यादीत टाकली.