आईबाबांची शेअर सर्टिफिकेटं डिमॅट करताना

बाबांच्या फाईलमध्ये नव्वदच्या दशकातली शेअर सर्टिफिकेटं होती. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाहीत, वारसाहक्कासारखे अपवाद सोडले तर. म्हणजे विकायचे असतील तर आधी डिमॅट करणं, म्हणजे कागदावरचे शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात आणणं, आलंच.

ब्रोकरकडे विचारलं तर तो म्हणाला, "सर्टिफिकेटवरची नावं आणि खात्यावरची नावं जुळतायत ना, ते बघा." गोम तिथेच होती. सगळे शेअर आईबाबांच्या जोडनावावर, पण काही कंपन्यांत पहिलं नाव बाबांचं, काहींत आईचं. डिमॅट खात्यात धारकांचा क्रमही धरला जातो. त्यामुळे बाबा पहिले असलेल्या खात्यात आई पहिली असलेलं सर्टिफिकेट थेट चढत नाही.

उलट्या क्रमाचं दुसरं खातं काढायचं म्हणजे दरवर्षी दोन खात्यांचा खर्च. त्याची गरज पडली नाही. माणसं तीच असतील आणि फक्त क्रम वेगळा असेल, तर डिमॅटच्या अर्जासोबत ट्रान्सपोझिशनचा, म्हणजे नावांचा क्रम बदलण्याचा, फॉर्म जोडता येतो. दोघांच्या सह्या घेतल्या, काम झालं.

प्रत्येक कंपनीचा डिमॅट रिक्वेस्ट फॉर्म वेगळा भरायचा. त्यात फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर आणि शेअर कितीपासून कितीपर्यंत ते अनुक्रमांक लिहायचे. मग डीपीच्या, म्हणजे डिमॅट खातं जिथे आहे त्या संस्थेच्या, माणसाने आमच्या देखत प्रत्येक सर्टिफिकेटवर 'डिमॅटसाठी सुपूर्द' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारला आणि कंपनीच्या नावावर पंचिंगने भोकं पाडली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! पण हे त्यांच्याच भल्याचं. वाटेत टपाल गहाळ झालं तरी तो कागद कुणाला विकता येत नाही. आदल्या रात्री मी सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या आणि डीपीकडून पोचही घेतली.

एका कंपनीच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, अर्ज परत आला. कारण सहीत फरक. बाबांनी तेव्हा मराठीत सही केली होती, आता बँकेत इंग्रजीत करतात. अशा वेळी आयएसआर-२ हा फॉर्म लागतो. त्यावर बँक मॅनेजर सही साक्षांकित करून देतो, सोबत रद्द केलेला चेक. खाती बँकेत जुनी असल्यामुळे तिथे अडलं नाही. डिमॅटचा अर्ज मात्र पुन्हा नव्याने टाकावा लागला.

शेअर खात्यात दिसू लागल्यावर बाबांनी विचारलं, "माझे ते अनुक्रमांक कुठे गेले?" ते आता नसतातच. कंपनीच्या रजिस्टरमध्ये या शेअर्सपुढे डिपॉझिटरीचं, म्हणजे डिमॅट शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या मध्यवर्ती संस्थेचं, नाव लागतं, आणि डिपॉझिटरीच्या नोंदीत लाभार्थी मालक म्हणून आईबाबांचं. लाभांश, बोनस, मतदानाचा हक्क लाभार्थी मालकाचाच. ब्रोकरचं दुकान उद्या बंद पडलं तरी शेअर डिपॉझिटरीकडे नोंदलेले राहतात. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "मग नॉमिनी कोण लावलाय?" तो रकाना भरायचाच होता.