वायसरवरची रेघ

मालवणच्या आमच्या वाडीत मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो. पंप लावला की थोड्या वेळात हवा ओढू लागतो, मग पाणी वर येईपर्यंत थांबायचं. अशा दिवसांत शेजारच्या काकी सकाळीच पडवीत येऊन म्हणाल्या, "मागच्या दारचो नळ बंदच होणा नाय. रात्री पकडीन आवळतंय, तरी गळता."

नळकामात माझी चाळीस वर्षं गेली. आता वयामुळे मी बाहेरची कामं घेत नाही, पण वाडीतला एक मुलगा दहावीची परीक्षा देऊन रिकामा होता आणि माझ्या मागे लागला होता, शिकवा म्हणून. त्याला घेऊन गेलो.

नळ अर्ध्या इंचाचा, पितळी, फिरवायच्या मुठीचा जुना नळ. खाली बादली ठेवलेली. मी पोराला खोकल्याच्या औषधाचं टोपण आणायला सांगितलं, त्यावर मापाच्या रेघा असतात. घड्याळ लावून ते धारेखाली धरलं. एका मिनिटात बरोबर 10 मिलीच्या रेघेपर्यंत भरलं. "आता गुण," मी म्हटलं. त्यानं बोटांवर हिशोब केला, तासाला 600 मिली, दिवसाला चौदा लिटरांच्या वर. म्हणजे रोज एक कळशी. विहीर आटलेली असताना! काकी ऐकून गप्प झाल्या.

गळती कुठून आहे हे आधी बघायचं असतं. मुठीखालून, दांड्याच्या कडेनं पाणी येत असेल तर दोष ग्लँडचा, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवायला गुंडाळलेल्या सुताचा, त्याला वायसर बदलून काही होत नाही. इथं तोटीतूनच थेंब पडत होते, म्हणजे दोष आत, वायसरचा किंवा वायसर ज्यावर बसतो त्या सीटचा.

टाकीचा कॉक बंद केला आणि नळ उघडा ठेवला. धार बारीक होत होत थांबली. मुठीचा स्क्रू समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं पार चिकटला होता. जोर केला की डोकं झिजतं आणि मग मूठ कापायची पाळी येते. मी बाटलीत डिझेल ठेवतो, होडीवाल्यांकडून आणलेलं. दोन थेंब सोडले, दहा मिनिटं थांबलो आणि स्क्रू सुटला. मूठ काढल्यावर फडक्यानं डिझेल नीट पुसून घेतलं.

मग पोरानं स्क्रू पाना वरच्या टोपीला लावला आणि जोर दिला. टोपी हलायच्या आधी अख्खा नळ भिंतीत किंचित फिरला.

"थांब झिला! दुसरो पानो खंय?"

हे मी मोठ्यानंच बोललो. भिंतीतला जी. आय. पाईप जुना झाला की एल्बोजवळ आटे आतून गंजून कागदासारखे पातळ होतात. वरून पीळ बसला तर तुटतो तो तिथंच, आणि मग जांभ्याची भिंत फोडावी लागते. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात एका घरात असं झालं होतं, ते दिवसभराचं काम आजही आठवतं. म्हणून एका पान्यानं नळाचं अंग घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं टोपी सोडवायची. पोरानं तसं केलं. कट् असा आवाज झाला आणि टोपी दांड्यासकट हातात आली.

दांड्याच्या टोकाशी जंपर, आणि जंपरच्या तळाला छोट्या नटानं धरलेला काळा रबरी वायसर. तो मी लगेच फेकू दिला नाही. तळहातावर ठेवून दाखवला. सीटच्या दाबानं वायसरवर गोल खळगा पडतोच, पण हा खळगा पार अर्ध्या जाडीपर्यंत उतरला होता. ते पकडीचं काम. वायसर थोडा दबला, गळू लागला, की माणूस जास्त आवळतो. आवळल्यानं रबर आणखी कापतं. शिवाय त्या गोलाला एका ठिकाणी आडवी बारीक रेघ होती, ब्लेडनं ओढल्यासारखी. मी पोराला एवढंच म्हटलं, "ही रेघ ध्यानात ठेव," आणि त्याला नवा वायसर बसवू दिला. मला ती कशाची ते कळलं होतं, पण त्याला ते स्वतः दिसावं असं वाटत होतं.

टोपी परत बसवताना त्याला एक गोष्ट सांगावी लागली: "आधी दांडो उघड, मगे टोपी आवळ." दांडा खाली असताना टोपी आवळली तर नवा वायसर पहिल्याच दिवशी चिरडतो.

कॉक उघडला, नळ बंद केला. थेंब थांबले. पोराचा चेहरा फुलला. मग चार-पाच सेकंदांनी एक थेंब पडला, पुन्हा एक.

"अजून गळता हा," तो म्हणाला आणि त्याचा हात काकींच्या पकडीकडे गेला. मी ती उचलून माझ्या पिशवीत टाकली.

पुन्हा कॉक बंद, पुन्हा दोन पाने. नव्या वायसरवर दहा मिनिटांत पुसट गोल उमटला होता आणि त्याला त्याच तऱ्हेची आडवी रेघ. पोरानं दोन्ही वायसर शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःहून करंगळी नळाच्या आत घालून सीटच्या कडेवरून हळूहळू फिरवली.

"आजोबानू, हयसर नख अडकता."

विहिरीच्या पाण्याबरोबर वाळूचा कण येतो, सीटवर बसतो, आणि वरून आवळलं की पितळात खाच पाडतो. खाचेतून पाणी बारीक धारेनं वाहत राहतं आणि खाच मोठी करतं. अशा सीटवर कितीही नवे वायसर घाला, महिन्याभरात नळ पुन्हा गळणार.

माझ्याकडे सीट घासायचं हत्यार आहे, ते टोपीच्याच आट्यात बसतं आणि खाली दातेरी चकती असते. हलक्या हातानं तीन वळसे, मग काढून बघायचं, मग पुन्हा दोन. जोर दिला तर चकती थरथरते आणि सीटवर लाटा पडतात. पोरानं टॉर्च धरून बघितलं, काळपट कड जाऊन पिवळीधमक कडी सगळीकडून सारखी चमकत होती. खाच फार खोल असती किंवा नळाला चीर असती तर घासून भागलं नसतं, नळच बदलावा लागला असता. कॉक क्षणभर उघडून पितळेचा चुरा पाण्यानं उडवला, नाहीतर तोच नव्या वायसरमध्ये रुतला असता. वायसरही दुसरा कोरा घातला, काही रुपयांची तर वस्तू.

या वेळी नळ त्यानं दोन बोटांनी बंद केला. टोपण खाली ठेवलं आणि आम्ही काकींच्या पडवीत चहा घेतला. पाऊण तासानं गेलो तर टोपण कोरडं.

दुसऱ्या सकाळी पोरगा माझ्या आधी तिथं पोचला होता. टोपणात काहीच नव्हतं. काकी मात्र मोरीच्या तोंडाशी उभ्या राहून अळवाची पानं बघत होत्या. इतके दिवस त्याला बादलीतून ओघळणारं पाणी मिळत होतं.

"आता अळवाक मुद्दाम पाणी घालूक लागतला रे," त्या म्हणाल्या. पोरानं कळशी उचलली.