एका तालुक्याची तीन उत्तरे

मुंबईत फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात कोकणातल्या एका तालुक्याच्या पाणीपुरवठ्याचा तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक गावाला रोज मिळणाऱ्या पाण्याला लोकसंख्येने भागायचे आणि येणारा आकडा माणशी 55 लिटरच्या निकषाशी ताडून पाहायचा, एवढाच हिशेब होता. तक्ता पूर्ण झाला त्या सकाळी एका ओळीत आकड्याच्या जागी `#DIV/0!` दिसले. त्या गावात नळयोजना होती, पाण्याची टाकी होती, पाणीपट्टीची वसुलीही होत होती. फक्त 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या शून्य होती.

मला ही टंकलेखनाची चूक वाटली, कारण गावांचा ताळा मी आधीच नीट जुळवला होता. तो जुळवण्यात चार दिवस गेले होते, कारण माझ्याकडे तीन याद्या होत्या आणि तिन्हींची बेरीज वेगळी होती. तहसील कार्यालयाच्या यादीत 118 गावे होती, जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत 115 आणि पंचायत समितीच्या यादीत 126. आमच्या कामात सल्ला देणारे एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत. आम्ही सगळे त्यांना रावसाहेब म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावले होते, "ताई, कुठली यादी खरी हे विचारू नका. कुठल्या यादीत 'गाव' म्हणजे काय धरले आहे, ते विचारा."

तहसीलच्या यादीतले गाव म्हणजे महसुली गाव. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 4 प्रमाणे राज्य शासन अधिसूचनेने ते ठरवते. त्याला निश्चित शीव असते, स्वतःचा नकाशा असतो आणि गाव नमुन्यांचे वेगळे दप्तर असते. तिथे माणसे राहतात की नाही, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही. जमीन मोजलेली आहे आणि तिचा सातबारा निघतो, तोवर गाव कागदावर जिवंतच असते. विदर्भात अशा उठून गेलेल्या गावाला रिठ म्हणतात. कोकणात लोक नुसते ओसाड म्हणतात.

हे मला नीट कळावे म्हणून रावसाहेबांनी माझ्याच घराचे उदाहरण दिले. आमच्या इमारतीच्या कागदपत्रांत 'मौजे एकसर, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर' असे स्वच्छ लिहिलेले आहे. अंधेरी, कुर्ला आणि बोरिवली या तिन्ही तालुक्यांत अशी मौजे आजही आहेत. कुर्ल्यात तिरंदाज, हरियाली, किरोळ ही नावे जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात येतात. पण 2011 च्या जनगणनेत संपूर्ण मुंबई उपनगर जिल्हा नागरी आहे आणि त्यात एकही गाव नाही. लाखो माणसे ज्या मौजांत राहतात, ती जनगणनेच्या ग्रामयादीत नाहीत आणि कोकणातले ओसाड गाव मात्र त्या यादीत आहे. मी त्या घरात कित्येक वर्षे राहते आहे, पण हा विरोधाभास तोवर माझ्या लक्षातच आला नव्हता.

त्यानंतर पहिला फरक सहज उलगडला. ग्रामीण भागात जनगणना महसुली गावच एकक म्हणून घेते, पण त्यासाठी हद्दी एका ठरावीक तारखेला गोठवल्या जातात. 2011 च्या जनगणनेसाठी ती तारीख 31 डिसेंबर 2009 होती. आमच्या तालुक्यातल्या दोन वाड्यांना त्यानंतर स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळाला, म्हणून त्या जनगणनेत नाहीत. शिवाय तालुक्याचे मुख्य ठिकाण त्या जनगणनेत 'जनगणना शहर' ठरले होते. किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, असे तिन्ही निकष पुरे झाले की जनगणना त्या गावाला शहरांत मोजते. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. 118 मधून हे एक आणि त्या दोन वाड्या वजा केल्या की 115 उरतात. या 115 पैकी 6 गावांत वस्ती नव्हती.

पंचायत समितीची यादी जुळवताना मात्र मी चुकले. मुख्य ठिकाण आणि लगतची तीन गावे पुढे नगरपंचायतीत गेली होती, म्हणून 118 मधून 4 वजा झाली आणि 114 राहिली. पुढे मी नावांवरून जुळणी केली. त्या यादीत नसलेली ओसाड गावे मला 5 सापडली, म्हणजे 109 राहिली. आणि महसुली गाव नसूनही स्वतंत्र नाव म्हणून नोंदलेल्या वाड्या 17 सापडल्या. 109 आणि 17 मिळून 126. ताळा चोख बसला, म्हणून मी निश्चिंत झाले होते.

दुपारी मी त्या गावाच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. लोक अजून तलाठी म्हणतात, मीही 'भाऊसाहेब' म्हणूनच सुरुवात केली.

"भाऊसाहेब, या गावात माणसे राहतात का?"

"माझ्या सजात नाही राहत, मॅडम. गाव धरणात गेले. वरची थोडी जमीन बुडाली नाही, तिचे सातबारे माझ्याकडे आहेत. माणसे उठवून पंधरा किलोमीटरवर वसवली, ती दुसऱ्या गावच्या शिवारात."

"मग पंचायत समितीच्या यादीतले नाव?"

"ते नव्या वस्तीचे. लोकांनी जाताना गावाचे नाव सोबत नेले."

पुनर्वसित गावठाणाला अजून महसुली गावाचा दर्जा मिळालेला नव्हता, त्यामुळे त्याची माणसे यजमान गावाच्या लोकसंख्येत मोजली गेली होती. एकच नाव दोन ठिकाणांचे होते आणि मी जुन्या शिवाराची शून्य लोकसंख्या नव्या वस्तीच्या पाण्याला लावली होती. खरी ओसाड गावे 6 आणि खऱ्या वाड्या 18 होत्या: 114 मधून 6 गेली की 108, त्यात 18 मिळवल्या की पुन्हा 126. म्हणजे चुकीच्या जुळणीनेही बेरीज तीच येत होती. एक चूक वजाबाकीत आणि तीच चूक बेरजेत, म्हणून ताळ्यात तिचा मागमूस नव्हता. भागाकार करावा लागला नसता तर ती कधीच दिसली नसती.

मला जास्त अस्वस्थ केले ते यजमान गावाच्या ओळीने, कारण तिथे कोणतीच खूण उमटलेली नव्हती. त्या गावाच्या स्वतःच्या टाकीचे पाणी दोन्ही वस्त्यांच्या लोकसंख्येने भागले गेले होते आणि ते गाव निकषाखाली दिसत होते. त्याला आम्ही नव्या टाकीसाठी प्राधान्य दिले असते. मग मी उरलेल्या 17 वाड्याही तपासल्या. त्यांची लोकसंख्या मी ग्रामपंचायतीच्या नोंदीतून घेतली होती, पण मूळ गावाच्या आकड्यातून ती वजा केली नव्हती. ती माणसे दोनदा मोजली गेली होती.

संध्याकाळी रावसाहेबांसमोर बसून आम्ही तक्ता नव्याने मांडला. नावावरची जुळणी रद्द केली. प्रत्येक ओळीला जनगणनेचा सहा अंकी स्थान संकेतांक, ज्या महसुली गावाच्या शिवारात वस्ती आहे त्याचे नाव आणि आकडा कोणत्या तारखेचा आहे, असे तीन रकाने जोडले. संकेतांक नसलेली वस्ती तिच्या यजमान गावाखालीच लिहिली आणि यजमानाच्या लोकसंख्येतून ती वजा केली. सहा ओसाड गावे मी काढून टाकणार होते, पण रावसाहेबांनी ती ठेवायला लावली: शून्य लोकसंख्या, पण क्षेत्र हेक्टरमध्ये भरलेले, आणि शेऱ्यात वस्ती का नाही ते कारण. धरणात गेलेल्या गावाच्या शेऱ्यात मी नव्या वस्तीचा ठिकाणा लिहिला आणि यजमान गावाच्या ओळीत जुन्या गावाचा संकेतांक. माणशी पाण्याचे आकडे पुन्हा काढले तेव्हा यजमान गाव निकषाच्या वर गेले आणि पुनर्वसित गावठाण, ज्याच्या ओळीत सकाळी आकडाच नव्हता, ते निकषाखाली आले.