कंपनीचे शेअर विकायचे होते, अडलं ओटीपीपाशी

पऱ्हाटीत तुरीचं एखादं तास टाकल्याशिवाय आमच्याकडे पेरणी होत नाही. माझ्या ४० लाखांच्या बचतीत मात्र ३० लाख एकाच कंपनीच्या शेअरमध्ये होते, तेही माझा पगार देणाऱ्या कंपनीच्या. ती घसरली तर नोकरी आणि बचत एकाच दिवशी अडचणीत येणार. म्हणून विकायचं ठरवलं.

लेखा विभागात असल्यामुळे माझं नाव कंपनीच्या 'डेझिग्नेटेड पर्सन' यादीत, म्हणजे आतली माहिती हाताशी असणाऱ्यांच्या यादीत आहे. अशा माणसासाठी तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो, म्हणजे कंपनीचे शेअर घ्यायची-विकायची मुभा, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. म्हणजे डिसेंबर तिमाहीचे निकाल फेब्रुवारीत लागले, तर विकायला ३१ मार्चपर्यंतचेच दिवस हाती. त्यातही मोठ्या विक्रीला आधी प्री-क्लिअरन्स, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी घ्यावी लागते, आणि गोपनीय माहिती आपल्याकडे नाही असं लिहून द्यावं लागतं. मंजुरी मिळाली की ७ ट्रेडिंग दिवसांत व्यवहार करायचा, नाहीतर पुन्हा अर्ज.

माझी मंजुरी दोन दिवसांत आली. विकायला बसलो तर माझे शेअर डीमॅट स्वरूपात सांभाळणाऱ्या सीडीएसएल या संस्थेचा ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या मोबाईल नंबरवर जात होता. ऑनलाइन विकताना माझ्या खात्यातून ओटीपीशिवाय शेअर हलत नव्हते. नंबर बदलायला तालुक्याच्या शाखेत फॉर्म दिला. सही जुळत नाही म्हणून तो परत आला. दुसऱ्यांदा दिला तर साहेब रजेवर. नंबर बदलला तेव्हा सात दिवस उलटून गेले होते. विक्री का झाली नाही याचं कारण कंपनीला लिहून द्यावं लागलं, नवा अर्ज केला, आणि तो मंजूर होण्याआधी विंडो बंद! तो साहेब आठवला की आजही डोकं तापतं. तेव्हा आधी दोन-चार शेअर विकून ओटीपी येतो का पाहा, तेही विंडो उघडी असतानाच. अर्ज त्यानंतर.

कराच्या भीतीनेही मी वर्षभर थांबलो होतो, ती चूकच. माझे १,००० शेअर, भाव ३,०००. घेतले त्या दिवशीचा बाजारभाव २,०००, म्हणून नफा १० लाख. वर्षाहून जुन्या शेअरवर १.२५ लाखांपर्यंतचा नफा माफ, उरलेल्या ८.७५ लाखांवर १२.५ टक्के, वर ४ टक्के सेस. एकूण १,१३,७५०. म्हणजे ३० लाखांच्या पावणेचार टक्क्यांच्या आसपास. शेअर तेवढा एखाद्या दिवसातही पडतो. काही मार्चमध्ये आणि काही मे-जूनच्या विंडोत विकले तर दोन आर्थिक वर्षांची माफी मिळते. पण निव्वळ माफीपुरतेच, वर्षाला १२५ शेअर विकत बसलो असतो, तर आठ वर्षं गेली असती.

एक सांगायचं राहिलं. कंपनी कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क देते, त्याला ऑप्शन म्हणतात. ऑप्शनचे नवे शेअर घेताना बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर आधीच कापला जातो. विंडो उघडी असताना ते लगेच विकले, तर वेगळा नफा जवळपास नसतोच, त्यामुळे करही नाही. मी ते ठेवून देत गेलो, आणि तिथूनच ४० पैकी ३० लाख साचले.