आजींची खुर्ची आणि टीव्हीचं माप

भिंतीवर टीव्ही बसवणं हे माझं काम. बहुतेक वेळा मी घरी पोचतो तेव्हा खोका आधीच आलेला असतो, आणि मग माप चुकलंय हे दिसत असूनही ब्रॅकेट ठोकून निघावं लागतं. म्हणून ठाण्याहून ऐरोलीला एका घरी 'टीव्ही घ्यायच्या आधी येऊन बघाल का' असं बोलावणं आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

घर सिडकोचं, हॉल दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. लांब भिंतीला सोफा, समोरच्या लांब भिंतीच्या मधोमध जुना ३२ इंची टीव्ही. एका टोकाला आडव्या भिंतीत खिडकी आणि तिच्याखाली आजींचा दिवाण. दुसऱ्या टोकाला बेडरूमचं दार. घरात दोन पक्ष होते. काकांचं म्हणणं, हॉल केवढासा, त्यात ४३ इंच पुष्कळ झाले, मोठ्या पडद्याने डोळे जातात. मुलाला ६५ हवा होता, आणि त्याने हिशेबही करून ठेवला होता.

तो हिशेब चुकीचा नव्हता. पडद्याच्या दोन्ही कडा आपल्या डोळ्यांशी जो कोन करतात तो साधारण ३० अंशांचा असावा, म्हणजे चित्र भरलेलं वाटतं आणि मानही फिरवावी लागत नाही, असं टीव्हीच्या धंद्यात बरीच वर्षं मानतात. त्यासाठी पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतर लागतं. मुलाने दहा फूट धरून ७५ इंचांचा आकडा काढला होता, म्हणजे ६५ आरामात बसत होता. मी त्याला फक्त टेपचं टोक धरायला लावलं. अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचं नसतं. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे येतात, ब्रॅकेटवरचा पडदा समोरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे येतो. दहा फुटांचे सव्वाआठ फूट उरले, म्हणजे २५० सेंटिमीटर. त्याला १.६ ने भागलं तर १५६ सेंटिमीटर, म्हणजे ६१ इंच. मुलगा म्हणाला, "म्हणजे ६५ चालेलच की." सोफ्यापुरतं बोलायचं तर चालला असता.

मी विचारलं, "दिवसभर टीव्ही कोण बघतं?"

सगळ्यांनी दिवाणाकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "मीच बघते रे बाळा, पण इथून नाही. इथून खालची पट्टी वाचता येत नाही." काकूंनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची दाखवली. दुपारी आजी ती ओढून टीव्हीसमोर नेतात, बातम्या आणि मालिका तिथून बघतात, आणि कोणी सोफ्यावर बसायला आलं की उठतात, कारण खुर्ची मध्ये येते. "डोळे जातील म्हणून आम्ही ओरडतो त्यांना," काका म्हणाले.

मी आजींना खुर्ची नेहमीच्या जागी ठेवून बसायला सांगितलं आणि मोजलं. डोळ्यांपासून पडदा सव्वाचार फूट, १३० सेंटिमीटर. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर, त्याची १.६ पट १३०. कुठलाही हिशेब न करता, केवळ डोळ्यांना बरं वाटेल तिथे सरकत सरकत आजी बरोबर त्या अंतरावर येऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं हे काम करतोय, पण ते माप बघून मी थक्क झालो.

काकांना मी सांगितलं ते इथेही सांगतो. जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे थकतात, चुरचुरतात, पण त्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत. उलट कोणी पुढे पुढे सरकत असेल तर त्याला नीट दिसत नाही, असं धरावं. आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. डॉक्टरांकडे आधी जा, टीव्हीने मोतीबिंदू निघत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पण दिवाणावरून पट्टी वाचता यावी एवढी सोय पडदा नक्की करू शकतो.

आता प्रश्न असा झाला, की खुर्चीतून दिसणारी अक्षरं दिवाणावरून तेवढीच दिसायला पडदा केवढा हवा? आजी दिवाणावर लोडाला टेकून बसतात तिथून टीव्हीची भिंत सहा फूट दूर, आणि टीव्हीचा मध्य साडेपाच फूट बाजूला. तिरकं अंतर आठ फूट. सव्वाचार फुटांना ३२ इंच, तर आठ फुटांना ६०. काकांचा ४३ इथेच बाद झाला. तो आणला असता तर आजींनी खुर्ची पावणेसहा फुटांवर ठेवली असती, म्हणजे दहा फुटी हॉलच्या अगदी मधोमध.

पण केवळ आकड्यांवर मी कोणाला पैसे घालू देत नाही. वर्तमानपत्रं जोडून आम्ही तीन कागद कापले: ४३ साठी ९५ बाय ५४ सेंटिमीटर, ५५ साठी १२२ बाय ६९, ६५ साठी १४४ बाय ८१. मग बातम्या लावल्या आणि खालच्या पट्टीतल्या अक्षराची उंची फूटपट्टीने मोजली. ती १.२ सेंटिमीटर निघाली. ४३ इंचावर तेच अक्षर १.६ चं होईल, ५५ वर २.१ चं, ६५ वर २.४ चं. मुलाने मार्करने त्या त्या उंचीची वाक्यं कोऱ्या कागदावर लिहिली आणि आम्ही ती प्रत्येक कागदाच्या तळाशी चिकटवली. हे करायला अर्धा तास लागतो, पण दुकानात कितीही वेळ उभं राहून जे कळत नाही ते यात कळतं. दुकानातला हॉल मोठा, छत उंच, शेजारी ८५ इंची लावलेला, त्यामुळे तिथे ५५ सुद्धा बारकाच दिसतो.

कागद जुन्या टीव्हीच्या जागी लावले. आजींनी दिवाणावरून ४३ ची ओळ सोडून दिली, ६५ ची वाचली, ५५ ची वाचताना लांबच्या कडेला अडखळल्या. तिथे तिरकेपणा नडत होता. दिवाणावरून त्या पडद्याकडे जवळपास ४२ अंशांतून बघत होत्या, आणि इतक्या तिरप्या नजरेला अक्षरं आडवी दबलेली दिसतात.

मुलगा लगेच म्हणाला, "मग ६५ च घेऊ." मी म्हटलं, आधी कागद सरकवून बघू. ५५ चा कागद दीड फूट दिवाणाच्या बाजूला नेला. आता आजींपासून त्याचा मध्य चारच फूट बाजूला आला. तिरकं अंतर आठवरून सव्वासातच्या आत आलं, कोन ३४ अंशांवर उतरला. त्या अंतराला हिशेबाने लागणारा पडदा ६० वरून ५४ इंचांवर आला. आजींनी ओळ सरळ वाचली, मग मुलाने काय लिहिलंय त्यावर हसल्या. सोफ्यावरच्यांचं नुकसान किती? मधल्या माणसाला टीव्ही फक्त दहा अंश तिरका. तिथे बसून काकांना काही फरक जाणवला नाही. टीव्ही भिंतीच्या मधोमधच हवा, असा कुठेही नियम नाही. जो सगळ्यात वाईट जागी बसतो त्याच्याकडे तो थोडा सरकवला, तर बाकीच्यांचं फारसं काही जात नाही.

तरीही ६५ का नको, हे मुलाला पटवणं भाग होतं, कारण पैसे तो देणार होता. आजींची बरीचशी चॅनेलं साध्या प्रतीची, एचडी नसलेली. त्या चित्रात उभ्यात जास्तीत जास्त ५७६ ओळी असतात. पडदा कितीही मोठा घेतला तरी ओळी तेवढ्याच राहतात, फक्त जाड होतात. सव्वासात फुटांवरून ५५ इंचावर त्या ओळी जेवढ्या जाड दिसतील, तेवढ्याच त्या आज खुर्चीतून ३२ वर दिसतात, म्हणजे आजींना चित्र बिघडल्यासारखं वाटणार नाही. ६५ वर त्या आणखी जवळपास पाचव्या हिश्शाने जाड होतात, आणि चेहरे पुसट, चौकटीचौकटीचे दिसू लागतात. घरात सगळे चित्रपट आणि क्रिकेटच बघणारे असते, तर मी स्वतः ६५ सुचवला असता. मुलाने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

दुकानात काय बघायचं तेही सांगून ठेवलं. काही पॅनेलं समोरून झकास दिसतात, पण बाजूने पाहिलं की काळा रंग करडा होतो आणि चेहरे फिके पडतात. व्हीए जातीच्या पॅनेलांत हे जास्त, आयपीएसमध्ये कमी. म्हणून अंधारातलं दृश्य लावायला सांगायचं, पडद्यापासून सहा पावलं मागे आणि चार पावलं बाजूला उभं राहायचं, आणि तिथून चेहरा बघायचा. घरातल्या आजी तिथेच बसल्या आहेत असं समजायचं. त्यांनी तसं करून ५५ इंची आयपीएस घेतला. समोरून त्याचा काळा रंग व्हीएइतका गडद नाही, हे मुलाच्या लक्षात आलं होतं, तरी त्याने तोच निवडला.

बसवायला मीच गेलो. बिल्डरने दिलेला प्लग साडेचार फुटांवर होता आणि काकांची इच्छा टीव्ही त्याच उंचीवर लावायची. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर येतात, आजींचे लोडावरून त्याहून थोडे खाली. मी पडद्याचा मध्य ११० सेंटिमीटरवर घेतला, म्हणजे खालची कडा ७६ वर आली. प्लग पडद्यामागे लपला आणि वायर बाहेर दिसायची राहिली नाही. ब्रॅकेट बाजूला वळणारं लावलं. दुपारी आजी एकट्या असतात तेव्हा पडदा दहा-बारा अंश दिवाणाकडे वळवायचा, संध्याकाळी सरळ करायचा. जास्त वळवला तर सोफ्याच्या लांबच्या टोकाला बसणाऱ्याला त्रास होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. खिडकी पश्चिमेला आहे. बंद टीव्ही आरशासारखा असतो, म्हणून निघण्याआधी तो बंद करून मी प्रत्येक जागी बसून पाहिलं. दिवाणावरून खिडकी दिसत नव्हती, पण सोफ्याच्या बेडरूमकडच्या टोकाला बसलं की ती पडद्यात अख्खी दिसत होती. चार वाजल्यानंतर तिथे बसून मॅच बघायची असेल तर जाड पडदा ओढावा लागेल, हे काकूंना दाखवून दिलं. त्यांनी तेव्हाच टेप मागितला आणि खिडकीचं माप घेतलं.