लॉग ९: दीपमाळेपाशी पडलेला फ्रेमरेट आणि त्यातून तयार झालेलं इंटरव्ह्यूचं उत्तर

मंडळी, ह्या वेळी घाटाच्या सीनमध्ये नवीन काही बांधलं नाही, सगळा आठवडा एकाच प्रश्नावर गेला. रविवारी पंचवटीत दादाकडे गेलो होतो (मावसभाऊ, गेम प्रोग्रामर आहे), पुढच्या महिन्यात माझे इंटरव्ह्यू आहेत म्हणून तो प्रश्न विचारत होता. त्याने विचारलं, सीन नीट चाललाय आणि अचानक फ्रेमरेट पडला, तू काय करशील? मी लगेच सुरू, ड्रॉ कॉल कमी करीन, टेक्श्चर लहान करीन, एलओडी लावीन. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे हे सगळे उपाय झाले, पण झालंय काय हे तू शोधलंसच नाहीस." ते मनाला लागलं, कारण माझ्याच गोदाघाटाच्या सीनमध्ये नेमकं हेच चालू होतं आणि मी तिथेही अंदाजानेच हात मारत होतो.

सीन आठवत असेल तुम्हाला, संध्याकाळचा घाट, पायऱ्या, नदीचं पाणी, आणि कोपरा वळला की दगडी दीपमाळ, तिच्यावर १४ दिवे. युनिटीची बिल्ट-इन पाइपलाइन, डिफर्ड रेंडरिंग. कोपऱ्यापर्यंत ६० फ्रेम, वळलो की थेट ३०. तर हीच केस धरून उत्तर परत बांधलं, आता मी असं सांगेन:

"सर, आधी मी बघेन की हा एका फ्रेमचा झटका आहे की पडल्यावर तसाच राहतो. एकच फ्रेम अडकून परत सुरळीत होत असेल तर मी गार्बेज कलेक्शन, काहीतरी लोड होणं किंवा शेडर पहिल्यांदा कंपाइल होणं ह्या बाजूला शोधेन. माझ्या सीनमध्ये दीपमाळेकडे बघत असेपर्यंत तो पडलेलाच राहायचा आणि पाठ फिरवली की लगेच सुधारायचा. लॅपटॉप तापून हळू झाला असता तर नुसती मान फिरवून सुधारला नसता. म्हणजे कारण कॅमेऱ्याला जे दिसतंय त्यात आहे."

"मग मी एफपीएस बघणं सोडतो आणि मिलिसेकंद बघतो." हे वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. ६० फ्रेमला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. व्हीसिंक चालू असेल आणि फ्रेम त्यापेक्षा जराशी जरी लांबली तरी ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ती पुढच्या रिफ्रेशची वाट बघते आणि आकडा ३० वर येऊन बसतो, मग फ्रेम १७ ची असो की ३२ ची, दिसतं एकच. म्हणजे ३० बघून दुखणं किती मोठं आहे ते कळतच नाही. म्हणून डेव्हलपमेंट बिल्ड काढली (एडिटरमधले आकडे एडिटरच्या स्वतःच्या कामामुळे फुगलेले असतात) आणि मर्यादा काढून टाकल्या:

```
QualitySettings.vSyncCount = 0;
Application.targetFrameRate = -1;
```

कोपऱ्याआधी ११ मिलिसेकंद, वळल्यावर २७.

आता सीपीयू की जीपीयू. इथे माझा संशय पाण्यावर होता, दोन आठवडे खपून तो शेडर लिहिला होता, रिफ्लेक्शन वगैरे, आणि वळल्यावर नदीही जास्त दिसते, त्यामुळे तोच असणार असं वाटत होतं. तपासायचा सोपा उपाय म्हणजे बाकी काहीही न बदलता रेझोल्यूशन १९२०×१०८० वरून ९६०×५४० वर आणायचं, म्हणजे पिक्सेल पावपट होतात, आणि भार पिक्सेलवर असेल तर वेळ दणकून उतरायला हवा.

```
Screen.SetResolution(960, 540, true);
```

२७ चे २५ झाले फक्त. म्हणजे पाणी सुटलं, मी तोच शेडर कापायला बसणार होतो! ह्या टेस्टची मर्यादाही उत्तरात सांगायची: वेळ उतरला नाही म्हणून जीपीयू पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण शॅडो मॅपचं रेझोल्यूशन वेगळं असतं आणि व्हर्टेक्सचं काम स्क्रीन लहान केल्याने कमी होत नाही.

पुढची पायरी प्रोफायलर, आणि दादाने इथेच मला पकडलं होतं. मेन थ्रेडवर `Gfx.WaitForPresentOnGfxThread` नावाचा लांबलचक पट्टा दिसत होता, आणि मी नाव वाचून म्हणालो की जीपीयूची वाट बघतोय. तो म्हणाला, "खालची ओळ बघ ना." टाइमलाइन व्ह्यूमध्ये खाली रेंडर थ्रेड असतो. मेन थ्रेड त्याच्यासाठी थांबलेला असतो, आणि तो स्वतः कशात गुंतलाय ते बघायचं. तो `Gfx.PresentFrame` मध्येच पडून असेल तर (व्हीसिंक बंद असताना) जीपीयू मागे पडलाय. माझा रेंडर थ्रेड मात्र जवळपास पूर्ण फ्रेमभर ड्रॉ कमांड पाठवण्यात गुंतलेला होता. म्हणजे सीपीयूवरच, पण गेमच्या स्क्रिप्टमध्ये नाही, चित्र काढायच्या सूचना देण्यात.

मग स्टॅट्समध्ये बॅच बघितल्या, कोपऱ्याआधी ४८०, वळल्यावर ३,९०० च्या आसपास, आणि दीपमाळेवर तर इतक्या वस्तूच नाहीत. फ्रेम डीबगर उघडून एकेक ड्रॉ बघत गेलो तर त्याच पायऱ्या, तोच खांब, तीच घंटा परत परत शॅडो मॅपमध्ये काढली जात होती.

पॉइंट लाइट सगळ्या दिशांना उजेड टाकते म्हणून तिची सावली क्यूबमॅपमध्ये जाते, क्यूबला सहा बाजू, म्हणजे एका दिव्यासाठी सहा वेळा आजूबाजूच्या वस्तू काढायच्या. १४ दिवे गुणिले ६ म्हणजे ८४ बाजू, प्रत्येकीत सरासरी चाळीसेक वस्तू धरल्या की ३,३६० ड्रॉ, त्यात आधीचे ४८० मिळवा, जुळलं बघा! आणि हे दर फ्रेमला, पायऱ्या जागच्या हलत नसल्या तरी. कोपरा वळेपर्यंत दिव्यांच्या उजेडाचा गोल कॅमेऱ्याच्या टप्प्यात नसतो म्हणून त्यांच्या सावल्या काढल्याच जात नाहीत, वळलो की सगळे एकदम आत येतात. अचानक पडण्याचं कारण एवढंच.

दुरुस्तीआधी खात्री म्हणून फक्त १४ दिव्यांच्या सावल्या बंद केल्या, दिवे तसेच. २७ वरून १२ झाले, म्हणजे आरोपी हाच. दिवे बेक का नाही केले असं कुणी विचारेल, तर मला ज्योत फडफडायला हवी आहे आणि बेक केलेला उजेड हलत नाही. पण फडफड दिसायला तीव्रता कमीजास्त झाली की पुरते, प्रत्येक दिव्याला सावली लागत नाही. म्हणून सावली फक्त सगळ्यात वरच्या मोठ्या ज्योतीला ठेवली, बाकी तेरांची काढली. आता ७२० च्या आसपास बॅच, १२.५ मिलिसेकंद. त्याच कोपऱ्यावरून त्याच वाटेने ३०० फ्रेम चालून मोजलं, सगळ्यात वाईट फ्रेम १४.१, व्हीसिंक परत चालू केलं तर ६० टिकतात.

ह्याची किंमत पण उत्तरात सांगणार आहे. सावली नाही म्हटल्यावर उजेडाला भिंत अडवत नाही, खालच्या दिव्यांचा पिवळेपणा मागच्या ओवरीत आरपार जायला लागला. रेंज १२ मीटरवरून ५ वर आणली तेव्हा बहुतेक ठिकाणी थांबला, फक्त नंदीच्या मागच्या दिव्याचा उजेड अजून भिंतीपलीकडे एक हातभर दिसतो. तो दिवा ह्या शनिवारी पुढच्या कट्ट्यावर सरकवून बघतो, स्क्रीनशॉट पुढच्या लॉगमध्ये.