एक जून

त्या दिवशी ९६ नमुन्यांची पहिली यादी स्क्रीनवर आली आणि माझी नजर ४१ क्रमांकावर अडकली. बाई, नोंदलेलं वय ५२.६. डीएनएवरून वयाचा अंदाज सांगणारं आमचं घड्याळ म्हणत होतं ६३.१. साडेदहा वर्षांचा फरक! शेजारचा सहकारी वाकून म्हणाला, "ह्या बाईंना काहीतरी मोठा आजार असणार." मी काहीच बोललो नाही, पण मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

आम्ही वापरत होतो ते स्टीव्ह हॉर्वाथ यांचं २०१३ सालचं घड्याळ. डीएनएवरच्या ठरावीक ३५३ जागी मिथाइल गट नावाची छोटीशी रासायनिक खूण किती प्रमाणात चिकटलेली आहे, म्हणजेच तिथलं मिथायलेशन किती, हे ते पाहतं. प्रत्येक जागेला शून्य ते एकच्या दरम्यान आकडा मिळतो. त्याला त्या जागेच्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची आणि ती वर्षांत बदलायची. वय वाढतं तसं काही जागांवरचं मिथायलेशन वाढतं, काहींवरचं घटतं. या घड्याळाची नेहमीची चूक साधारण साडेतीन वर्षांची. म्हणून तीन-चार वर्षांचा फरक दिसला तर मी ढुंकूनही पाहत नाही. साडेदहा मात्र सोडवेना.

पहिला संशय नमुन्यांच्या अदलाबदलीचा. एक्स गुणसूत्रावरचं मिथायलेशन पाहिलं, नमुना बाईचाच होता. पण बाया काय, यादीत निम्म्या. मिथायलेशन मोजणाऱ्या चिपवर जनुकीय ओळख पटवण्यासाठीच ठेवलेल्या काही जागा असतात, म्हणून त्याच नळीतल्या डीएनएवर पुन्हा बायसल्फाइटची रासायनिक प्रक्रिया करून तो दुसऱ्या चिपवर चालवला. या प्रक्रियेत सायटोसिन हे डीएनएचं अक्षर मिथाइल नसेल तर बदलतं आणि मिथाइल असलेलं तसंच राहतं. मोजणीचा सगळा खेळ त्यावरच. ओळखीच्या जागा तंतोतंत जुळल्या. वय मात्र ५८.७ आलं.

तोच डीएनए, आणि जवळपास साडेचार वर्षांचा फरक! यात नवल नाही. एकेका जागेची मोजणी थोडी थोडी हलते आणि साडेतीनशे जागांच्या बेरजेत ती हालचाल साठत जाते. पण बाईंच्या हातात आधीचाच कागद पडला असता तर? दोन्हींची सरासरी ६०.९ धरली.

पुढची गोष्ट आमच्याच सवयीतली. घड्याळाच्या आकड्यातून जन्मतारखेचं वय वजा करायचं आणि 'इतक्या वर्षांनी म्हातारा' म्हणायचं, हे चूक. आमच्या संपूर्ण गटाचं वय घड्याळ सरासरी तीनेक वर्षं जास्तच दाखवत होतं. आमची नवी चिप घड्याळातल्या ३५३ पैकी १९ जागा मोजतच नाही, शिवाय प्रत्येक प्रयोगशाळेचा स्वतःचा एक कल असतो. सगळा गट अकाली म्हातारा झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणून वय आणि घड्याळ यांची गटातली रेषा काढायची आणि माणूस त्या रेषेपासून किती वर-खाली आहे ते पाहायचं. ५२.६ वर्षांना आमची रेषा ५५.८ दाखवत होती. म्हणजे बाई अजूनही पाच वर्षं वर.

तेव्हा मी, किती उशिरा, जन्मतारखेचा रकाना पाहिला. १ जून १९७१.

महाराष्ट्रात वाढलेल्याला पुढचं सांगायला नको. मुलाला शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लावून मोकळे. यादी चाळली, तर एक जूनवाले पुष्कळ निघाले. माझ्या वडिलांचाही वाढदिवस एक जूनचाच, ते सोडा.

मी फोन उचलणार, तेवढ्यात आमच्या मॅडमनी अडवलं. "फक्त त्यांनाच विचारणार? मग तुम्हाला न पटलेली वयं तेवढी दुरुस्त होतील आणि फरक आपोआप नाहीसे होतील. विचारायचं तर एक जूनवाल्या सगळ्यांना. आणि विचारणाऱ्याला घड्याळाचा आकडा ठाऊक असता कामा नये."

बरोबर होतं. फील्डवरच्या ताई यादी घेऊन गेल्या, आकडे न बघता. ४१ क्रमांकाच्या बाई सातारा जिल्ह्यातल्या. ताईंनी लिहून आणलं होतं: "आई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी महिन्याची तान्ही होते." भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. म्हणजे नमुना घेतला त्या जानेवारी २०२४ मध्ये बाई ५६.२ वर्षांच्या.

सगळ्या एक जूनवाल्यांची सांगितलेली वयं घालून रेषा पुन्हा काढली. ५६.२ला ती ५९.० आली आणि बाई तिच्यापासून १.९ वर्षं वर. त्यांच्याच दोन चिपांमधला फरक याच्या दुपटीहून जास्त होता. आजार वगैरे म्हणण्यासारखं त्यात काहीच उरलं नाही.

एक जूनवाल्या सगळ्यांनाच मात्र भूकंपासारखा आधार सापडला असं नाही. "दुष्काळाच्या आसपास" एवढंच कुणी सांगितलं, त्यांची तारीख आम्ही तशीच ठेवली आणि पुढे खात्री नसल्याची खूण केली. अंतिम हिशोब त्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा, असा दोनदा केला.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "मावशींना काय सांगू? वाट बघताहेत."

"सांगा, त्यांच्या कागदावरचं वय साडेतीन वर्षांनी कमी लागलंय."

"ते त्यांना माहीत आहे हो," ताई म्हणाल्या.